सगळे म्हणतात, तुम्ही फार मदत करता

मामीचा उजवा हात मोडला आणि माझं नशीब उघडलं. असं लिहिणं बरं दिसत नाही, मला कळतंय. मामीला वाचून दाखवलं तर ती डाव्या हाताने टपली मारेल. पण खरं ते खरं. तो हात मोडला नसता तर दुकानाचा फोन माझ्या हातात आला नसता, आणि फोन आला नसता तर मी अजूनही जगातली सगळ्यात गोड मुलगी असल्याच्या भ्रमात असते.

आमचं दुकान म्हणजे मामा-मामीचं. व्हीलचेअर दुरुस्तीचं. एक लांबट खोली, दाराला पायरी नाही, त्याऐवजी सिमेंटचा उतार. भिंतीवर मोठी चाकं टांगलेली, डब्यांत बेअरिंगं, कोपऱ्यात फाटक्या सीटांचा ढीग. कामाचं टेबल इतकं बुटकं की मला त्यावर वाकून बघताना कंबरेत कळ येते. ते मामाच्या मापाचं आहे, कारण मामा स्वतः चाकांवर असतो, अगदी लहानपणापासून. तो खुर्च्या दुरुस्त करतो, मामी बाकी सगळं. म्हणजे माणसांशी बोलणं, सुटे भाग मागवणं, कुणाची खुर्ची कधी तयार होईल ते सांगणं आणि फोनवर येणारे मेसेज.

हात कसा मोडला? मामाने जमिनीवर ठेवलेल्या एका इवल्याशा चाकावर मामीचा पाय पडला. त्या दिवसापासून मामा घरात फार नम्रपणे वागतोय.

"मग मेसेज कोण बघणार?" मामीने प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून विचारलं.

"मी!" मी म्हणाले. कुणी नाव घ्यायच्या आत.

हे "मी!" नवीन होतं. याआधीची मी वर्गात हजेरीलासुद्धा अशी "हजर" म्हणायचे की बाई दोनदा विचारायच्या. मग यंदाच्या शाळेच्या कार्यक्रमात निवेदन करणाऱ्या मुलीचा आवाज ऐनवेळी बसला, बाईंनी समोर दिसली तिला, म्हणजे मला, माईकपाशी ढकललं, आणि मी बोलले. नुसती बोलले नाही, लोक हसले, टाळ्या पडल्या! तेव्हापासून माझं तोंड बंद होत नाही. मामाने माझं नाव 'भोंगा' ठेवलंय. मला ते आवडतं, पण त्याला कळू देत नाही.

तर शाळा सुटली की मी दुकानात. मामी खुर्चीत बसून सांगायची, मी टाइप करायचे. दोन दिवसांत मला वाटायला लागलं की सांगायची काही गरज नाही, मला जमतंय. मामी डॉक्टरांकडे गेली होती, मामा मागच्या खोलीत एका चाकाच्या तारा ताणत बसला होता, आणि फोन टिंग वाजला.

नमस्कार. सगळे म्हणतात, तुम्ही फार मदत करता.

बास. एवढंच. खाली काही नाही. फोटोच्या जागी एका बाईंचा चेहरा, मागे भिंतभर नकाशा.

मला तर उकळ्याच फुटल्या. सगळे म्हणतात! मी काय लिहिलं ते इथे जसंच्या तसं देते, कारण ते अजून फोनमध्ये आहे आणि मामी ते पुसू देत नाही:

अय्या, खरंच??? कित्ती छान वाटलं वाचून! तुम्हीच इतक्या गोड आहात म्हणून असं म्हणताय! आम्ही कुठे काय करतो, हे तर आमचं कर्तव्यच आहे! पण तुमच्यासारख्या माणसांमुळेच आम्हाला बळ मिळतं! तुम्हाला काहीही, म्हणजे अगदी काहीही, कधीही लागलं तरी हक्काने सांगा, आम्ही तुमच्यासाठी जीव तोडून धावत येऊ!!! आजचा दिवसच सोन्याचा झाला!

वर हृदयं, फुलं आणि जोडलेले हात. हात तर मी ओळीने लावले होते, कवायतीला उभे केल्यासारखे.

पलीकडे त्या काहीतरी टाइप करताहेत असं दिसायला लागलं. मग थांबलं. परत सुरू. परत थांबलं. शेवटी आलं:

तुम्ही खरोखर खूप गोड आहात. काही विशेष नाही, सहज नमस्कार केला. धन्यवाद.

मी हसत हसत फोन ठेवला. किती छान बाई! नुसता नमस्कार करायला मेसेज केला!

मामी परत आली तेव्हा मी तिला दारातच फोन दाखवला. मला वाटलं, ती म्हणणार, शाबास. तिने वाचलं. वर सरकवलं, परत वाचलं. मग स्टुलावर बसली.

"हे उत्तर आहे की रोषणाई?"

"मामी! त्या किती खूश झाल्या बघ ना. खरोखर खूप गोड आहात म्हणाल्या."

"हो. आणि गेल्या."

"म्हणजे?"

"अगं, व्हीलचेअर दुरुस्तीच्या दुकानाला सहज कोण नमस्कार करतं?" मामी म्हणाली. ती रागावली नव्हती, म्हणूनच मला जास्त लागलं. "हॉटेलला सहज नमस्कार करतेस तू? चावीवाल्याला करतेस?"

भोंगा बंद.

तेवढ्यात मागच्या खोलीतून मामा चाकं ढकलत बाहेर आला. त्याने फोन मागितला, वाचला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते हसू नव्हतं.

"या बाई स्वतः खुर्ची वापरतात का गं?"

"फोटोत चेहराच दिसतोय."

"असणार. स्वतःच असणार." त्याने फोन मांडीवर ठेवला. "भोंग्या, तू दुकानात शिरताना दार कसं उघडतेस?"

"ढकलून."

"मी बँकेत जातो तेव्हा दार जड असतं. मी बाहेर थांबतो, कुणीतरी येतं, मी म्हणतो, वा, बरं झालं आलात, देवासारखे आलात. मग ते दार धरतात. वरच्या फडताळावरचं काही हवं असलं तरी तेच. आधी गोड बोलायचं, मग मागायचं. दिवसभर. सवयच लागते, आधी स्तुती पुढे करायची, म्हणजे समोरच्याला आपला जाच वाटत नाही." त्याने फोनवर बोट ठेवलं. "या बाईंनी ती पुढे केली. आता त्या मागणारच होत्या. आणि तू काय केलंस?"

"मी... त्यांच्यापेक्षा जास्त केली."

"त्यांच्या एका ओळीला एवढी मोठी परतफेड! आता एवढ्या कौतुकानंतर कुणाच्या तोंडून निघेल का, की माझ्या खुर्चीचं अमुक बिघडलंय म्हणून? त्यांना वाटलं असणार, ही पोरगी जीव तोडून धावत येणार, हिला एका छोट्या गोष्टीसाठी कशाला जीव तोडायला लावायचं."

टाइप करून थांबलं, परत सुरू, परत थांबलं. ते आत्ता माझ्या डोळ्यांसमोर आलं. त्या तिथे लिहीत होत्या. जे लिहायचं होतं तेच लिहीत होत्या, आणि पुसत होत्या.

"मी आत्ताच लिहिते," मी फोन ओढला. "माफी मागते. म्हणते की मला फार फार वाईट वाटलं, मी मूर्ख आहे, मला..."

"झालं! दुसरा भोंगा!" मामीने डाव्या हाताने माझं मनगट धरलं. "आता तुझी समजूत काढायला त्यांना लिहावं लागेल, नाही नाही, तुम्ही मूर्ख कुठे, तुम्ही तर किती चांगल्या. परत तेच. बस इथे. आधी मला सांग, ते पहिलं वाक्य परत आलं असतं, तर काय लिहिशील?"

आणि मग आमची शाळा भरली. मामा टेबलाशी, मी स्टुलावर, मामी प्लास्टर सांभाळत. मी एकेक उत्तर बोलायचे, मामी ते पाडायची.

"छे छे, आम्ही कुठले मदत करणारे!"

"मग त्या म्हणणार, नाही हो, खरंच करता. तू म्हणणार, नाही हो. दोन फेऱ्या झाल्या, त्यांचं काम तिथेच. शिवाय खोटं आहे ते. आम्ही करतो मदत. नाही करत का?"

"करता." मी विचार केला. "मग असं. बोला, काय काम आहे?"

मामाने तोंडाने दार आपटल्याचा आवाज काढला. धाड!

"त्यांनी फूल पुढे केलंय," मामी म्हणाली, "आणि तू म्हणतेस, ते ठेवा बाजूला, पावती दाखवा. घे ना ते फूल. पण घे आणि ठेव. हुंगत बसू नको."

"काहीही लागलं तर सांगा?"

"काहीही म्हणजे काय? मोटार लावलेल्या खुर्च्यांचं सर्किट आपण दुरुस्त करतो का?"

"नाही."

"मग काहीही कसं? आणि काहीही म्हटलं की माणूस गोंधळतो. इतक्या मोठ्या दारातून आत कुठे जायचं तेच कळत नाही. लहान दार दाखव. एक प्रश्न विचार, ज्याचं उत्तर पटकन देता येईल."

"आणि त्यांनी स्तुती कुणाची केली?" मामाने मध्येच विचारलं.

"माझी," मी म्हणाले. मग जीभ चावली. "तुमची. मामीची. मी तर दोन दिवसांपूर्वी आले."

"मग ती तुझ्या नावावर कशी घेतेस? सांगून टाक ना कोण लिहितंय ते."

मला हे सगळं ऐकताना लाज वाटत होती, पण मजाही येत होती, खरं सांगते. इतकी वर्षं मी बोलतच नव्हते, त्यामुळे बोलण्यात एवढी कलाकुसर असते हे मला माहीतच नव्हतं. शेवटी आमचं जे तयार झालं ते असं होतं: नमस्कार. ऐकून बरं वाटलं, धन्यवाद. मी दुकानातली भाची लिहितेय. खुर्चीचं काय होतंय?

"एवढंसं?" मी म्हणाले.

"एवढंसं," मामी म्हणाली. "त्यांच्या ओळीएवढंच. त्या कुजबुजल्या तर तूही कुजबुज."

पण हे उत्तर पहिल्या वेळचं होतं. पहिली वेळ मी फटाक्यांत उडवली होती. आता त्या "सहज" म्हणून गेल्या होत्या, आणि गेलेल्या माणसाला परत कसं बोलवायचं? मामा म्हणाला, जे झालं ते सरळ सांग, एका वाक्यात, रडगाणं नको. मी लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. मामीने मान डोलावल्यावर पाठवलं:

मघाशी मीच इतकं बोलले की तुम्हाला विचारायचं राहिलं. मी दुकानातली भाची. खुर्ची तुम्ही वापरता का, आणि ती नीट चालतेय का?

पाठवल्यावर जो वेळ गेला ना, तो निकालाच्या दिवशीसारखा होता. मामा तारा ताणायचं सोडून तिथेच बसला होता. फोन वाजला.

तुम्ही किती काळजीने विचारता. आजकाल कोण एवढं विचारतं? फारच चांगलं मन आहे तुमचं.

"बघ, बघ," मामी कुजबुजली, जणू त्या ऐकतच होत्या. "परत पुढे केलं."

आणि माझी बोटं, देवाशप्पथ, माझी बोटं आपोआप हृदयांच्या पानावर गेली होती! सवय म्हणतात ती हीच. मी दोन्ही हात मांडीखाली दाबले. चांगलं मन आहे माझं, हे कुणी म्हटलं की आतून असं वाटतं की उत्तरात अख्खं मनच काढून द्यावं. पण त्या बाईंना माझं मन नको होतं. त्यांना काय हवं होतं ते मला अजून माहीतच नव्हतं.

धन्यवाद, मी लिहिलं. खुर्ची चालताना त्रास देते, की थांबताना?

हा प्रश्न माझा स्वतःचा होता. मामाने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी त्या क्षणी निवेदनाच्या दिवशीपेक्षाही उंच झाले.

या वेळी उत्तर लगेच आलं.

थांबताना. ब्रेक लावला तरी सरकते. फार नाही. थोडीशी.

"थोडीशी!" मामा म्हणाला. "ब्रेक थोडासा लागत नसतो. दोन्ही बाजूंचा की एकाच? विचार."

मी विचारलं. डाव्या बाजूचा. उताराला खुर्ची डावीकडून सुटते आणि गोल फिरते. मग एकामागून एक मेसेज यायला लागले, बांध फुटावा तसे. त्या नकाशे काढतात, एका कार्यालयात. आजारपणामुळे जवळपास वर्षभर घरी होत्या. उद्यापासून परत कामावर जायचं आहे. कार्यालयाच्या दाराबाहेर उतार आहे, तिथे थांबून पिशवीतून कार्ड काढून दाराला दाखवावं लागतं, आणि दोन्ही हात चाकांवरून काढावे लागतात. शेजाऱ्यांना विचारून ठेवलंय की रोज सकाळी मागून खुर्ची धराल का. ते हो म्हणाले. पण रोज कसं सांगायचं? आणि ब्रेक ठीक झाला नाही तर आत्ता सुटीच वाढवून घ्यावी, असं त्यांच्या मनात आहे. कार्यालयाने आजच्या आज कळवायला सांगितलंय. यापुढे सुटी वाढली तर जागा दुसऱ्या कुणाला देतील.

हे सगळं, हे सगळं, त्या एका "सगळे म्हणतात"च्या मागे उभं होतं, आणि मी त्याच्यावर फुलं फेकून दार लावलं होतं. मी बाहीने नाक पुसलं.

"रडू नको, टायर विचार," मामा म्हणाला.

इथे मला थोडं सांगायला हवं, कारण मलाही तोवर माहीत नव्हतं. खुर्चीचा ब्रेक सायकलसारखा कडेला धरत नाही. एक दांडी असते, ती पुढे ढकलली की लोखंडाचा एक तुकडा सरळ टायरवर दाबला जातो. टायर टणक असेल तर तो घट्ट रुततो. टायरमध्ये हवा कमी असेल तर टायर आत दबतो, ब्रेकला धरायला काही राहत नाही, आणि चाक त्याच्याखालून सरकतं. म्हणजे बिघाड ब्रेकचा वाटतो आणि असतो हवेचा.

दोन्ही टायर अंगठ्याने दाबून बघाल का? मी लिहिलं. कुठला जास्त दबतो?

डावा, आलं. बराच. उजवा कडक आहे. आणि मग लगेच: किती हुशार आहात हो तुम्ही!

मी मामाकडे बघितलं. मामाने मामीकडे. मामी छताकडे.

मामाने सांगितलं ते मी लिहितेय, मी टाइप केलं. डाव्या ब्रेकला मध्ये कुणी हात लावला होता का?

हो. शेजाऱ्यांनीच स्क्रू सैल करून तो टायरच्या जवळ सरकवला होता. त्यानंतर चार दिवस बरा चालला, मग परत सुटायला लागला.

"आणि आता नुसती हवा भरली तर ब्रेक लागणारच नाही," मामा म्हणाला, "टायर फुगेल, ब्रेक त्याच्यात घुसेल, दांडी पुढे जाणार नाही. त्या जोर लावतील आणि दांडी वाकेल. हवा भरायची आणि ब्रेक मागे घ्यायचा, दोन्ही एकदम करावं लागेल. हवा का जाते तेही बघावं लागेल. त्यांना सांग, तोवर उतारावर थांबू नका. इथे आणता येईल का विचार, की मी जाऊ?"

मी लिहिलं. उत्तर: नको नको, तुम्हाला कशाला त्रास. तुम्ही इतकं केलंत हेच खूप.

आता जुनी मी असते तर लिहिलं असतं, त्रास कसला, तुमच्यासाठी काहीपण! मी मामीकडे न बघता लिहिलं. एकटीने. हे मला लिहून ठेवायचंय, म्हणून लिहिते:

दोन्ही आमचं रोजचंच काम आहे. तुम्हाला कुठलं सोपं? ब्रेक आणि हवा आज होईल. टायरच नवीन लागला तर तो आज मिळणार नाही, तसं असलं तर स्पष्ट सांगू.

"शेवटचं कशाला?" मी पाठवल्यावर मामीने विचारलं. परीक्षाच घेत होती.

"कारण त्यांना आज कार्यालयाला कळवायचंय. खोटी आशा दिली तर त्या हो कळवतील आणि उद्या अडकतील."

प्लास्टरच्या बाहेर आलेल्या बोटांनी मामीने माझ्या वेणीचं टोक ओढलं. एवढंच. पण मला ते शंभर हृदयांएवढं झालं.

भाऊ घरी आहे, त्याच्या गाडीतून येते, असा मेसेज आला. यात कुठेच गोड बोलणं नव्हतं. मला हायसं वाटलं.

त्या आल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. भाऊ गाडीतून खुर्ची काढायला लागला, त्यांनी त्याला दोन सूचना दिल्या, तो म्हणाला, "ताई, मी आजच जन्मलोय का?" त्या म्हणाल्या, "वाटतं तसं." मग आमच्या उतारावरून आत आल्या. फोटोपेक्षा लहानखुऱ्या, बोटांना शाईचे डाग. मी पुढे झाले, आणि काय बोलायचं ते विसरले. मेसेजवर पुसता येतं, तोंडाने बोललेलं पुसता येत नाही ना!

"तूच का ती भाची?"

"हो."

"मला वाटलं, मोठी बाई असेल." त्या हसल्या. "पहिला मेसेज आणि नंतरचे वाचून तर वाटलं, दोन बायका आहेत."

मामीला ठसका लागला. मी लाल झाले, पण "हो, तोही माझाच" असं म्हणाले आणि गप्प बसले. गप्प बसताही येतं मला, फक्त आता ते घाबरून नसतं.

त्या बाकावर सरकल्या आणि मामाने खुर्ची टेबलावर आडवी केली. मला म्हणाला, बस, बघ. डाव्या चाकाची हवा भरायची नळी पाण्याच्या थेंबाने ओली केली, थेंबातून बारीक बुडबुडे आले. टायर नाही, ट्यूबही नाही, नुसती आतली झडप गळत होती. तांदळाच्या दाण्याएवढा भाग. त्याने तो बदलला. टायरच्या कडेला जेवढा आकडा छापलेला होता तेवढी हवा भरली. मग ब्रेकचे स्क्रू सैल करून तो मागे घेतला, हळूहळू पुढे आणत दांडी लावून बघितली, परत किंचित सरकवला. शेजाऱ्यांनी दोनपैकी एकच स्क्रू आवळला होता, दुसरा नुसता बसवला होता, म्हणून चार दिवसांत ब्रेक घसरला होता. मामा कुणालाच नावं ठेवत नाही. "मनापासून केलं होतं त्यांनी," एवढंच म्हणाला आणि दोन्ही स्क्रू आवळले.

मग परीक्षा. आमच्या दाराचा उतार कामालाच आला. बाई खुर्चीत बसल्या, उताराच्या मध्यावर गेल्या, तोंड रस्त्याकडे. मामा खाली समोर, भाऊ शेजारी, मी मागे, हात तयार ठेवून. त्यांनी उजवा ब्रेक लावला. डावा लावला. दांडी खट्कन बसली. आणि मग त्या तशाच राहिल्या, दोन्ही हात चाकांवर घट्ट.

"सोडा," मामा म्हणाला. "मी पुढे आहे, ती मागे आहे."

त्यांनी एक हात सोडला. मग दुसरा. हात हवेतच होते, कुठे ठेवायचे ते कळत नसल्यासारखे. खुर्ची हलली नाही. त्यांनी हात मांडीवर ठेवले, मग पिशवी पुढे ओढली, चेन उघडली, आत शोधलं, एक कार्ड काढलं आणि समोर धरलं, जणू तिथे दारच होतं. भाऊ म्हणाला, "टिंग. या आत." आणि सगळे हसलो. त्याही. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, शाईच्या बोटांनी, त्यामुळे गालाला निळं लागलं.

त्यांनी तिथेच, उतारावर बसल्या बसल्या, फोन काढून कार्यालयाला कळवलं. उद्या येतेय. मी मागे उभी होते, त्यामुळे मला दिसलं. दोनच शब्द.

"तुमचे आभार कसे मानू..." त्यांनी सुरुवात केली. पुढे मोठं वाक्य येणार होतं, मला त्याचा वासच आला. खरं तर आभार मलाच मानायचे होते. त्या परत बोलल्या नसत्या तर मी काय केलं असतं? पण मी तेही मोठं केलं नाही.

"तुम्ही परत लिहिलंत, ते बरं झालं," मी म्हणाले. "मला फार बरं वाटलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि ते मोठं वाक्य आलंच नाही. त्याऐवजी त्यांनी खाली पायांकडे बघितलं.

"हा उजवा फूटरेस्ट पण महिनाभर कुरकुरतोय," त्या म्हणाल्या. "तोही बघ गं."

नमस्कार नाही, सगळे म्हणतात नाही, त्रास देते हं नाही. सरळ. मामी दारातून माझ्याकडे बघत होती. मला इतका आनंद झाला होता की नाचावंसं वाटत होतं.

"बघते," मी म्हणाले, आणि पाना आणायला आत गेले.